दिवस भरत आले की मनाशी म्हणायची वाक्यं

कापूस वेचणीचे दिवस आहेत. घरचे सगळे दमून झोपतात आणि नवव्या महिन्यातल्या बाईची झोप नेमकी तेव्हाच उडते. अशा वेळी मनाशी काय म्हणावं, याचा आज विचार करत बसले.

‘माझं नॉर्मलच होईल’ हे वाक्य मी कुणाला देणार नाही. सिझर करावं लागलं तर ते टेबलावरच मोडतं आणि बाईला वाटतं, आपलंच काही चुकलं. वाक्य असं हवं, की बाळंतपण कसंही झालं तरी ते खरं राहावं. ‘ही कळ चढते, मग उतरते.’ ‘मला न कळलेलं मी विचारू शकते.’

म्हणायची रीत साधी आहे. डाव्या कुशीवर व्हायचं, दोन गुडघ्यांमध्ये उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवायची. उताणं पडलं तर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि गरगरतं. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सोडायचा. वाक्य श्वास सोडताना. घाईघाईने मोठे श्वास घेतले की बोटांना मुंग्या येतात, तसं झालं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्यावा.

समजा अडतिसावा आठवडा आहे आणि रात्री पोट दगडासारखं कडक झालं. पेलाभर पाणी प्यावं, कुशीवर व्हावं, घड्याळ पाहावं. कडकपणा अनियमित असेल आणि आराम केल्यावर ओसरला, तर बहुधा त्या खोट्या कळा. खऱ्या कळा कूस बदलून थांबत नाहीत. त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो. ‘मी घड्याळ पाहते आहे, घाई नाही’ एवढं वाक्य तेव्हा पुरे. पण सदतीस आठवड्यांच्या आत अशा नियमित कळा आल्या तर वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

सगळ्यात गरजेचं वाक्य मात्र वेगळंच आहे: ‘शंका आली तर मी रात्रीही उठवीन.’ आपल्याकडे सून सासूबाईंना उठवायला संकोचते. सकाळी पाहू म्हणते. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर श्वास मोजत पडून राहणं घातक. शांत राहण्याच्या नादात ही लक्षणं दाबली जाऊ नयेत, याचीच मला जास्त काळजी वाटते.

म्हणून हे वाक्य दिवसाउजेडीच घरच्यांसमोर मोठ्याने म्हणून ठेवावं. ‘आई, रात्री उठवलं तर चालेल ना?’ सासूबाई ‘उठव ना वं माय’ म्हणाल्या की अर्धा संकोच तिथेच जातो. मग माता-बाल कार्ड पिशवीत टाकायचं आणि आशाताईंचा नंबर, १०२ आणि १०८ दाराजवळ भिंतीवर कोळशाने लिहायचे. फोन शेतात राहिला तर शेजारच्यालाही ते वाचता येतात.