रेषा सरळ, उत्तर चुकीचं

नांदेड, एप्रिल

आज प्रयोगशाळेतून निघायला उशीर झाला, पण आमच्या एम.एस्सी.च्या पोरीचं कोडं सुटलं. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

तिचा प्रकल्प वसमतच्या हळदीवर आहे. या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून हळदीत करक्युमिन किती हा प्रश्न आमच्याकडे फार विचारला जातो. पद्धत साधी आहे. शुद्ध करक्युमिनची मिथेनॉलमध्ये १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलीची पाच प्रमाण द्रावणं करायची, यूव्ही मशीनवर ४२५ नॅनोमीटरच्या आसपास शोषण मोजायचं आणि आलेख काढायचा. मग हळदीच्या अर्काचं शोषण त्या रेषेवर बसवून टक्केवारी काढायची.

दर दिवशी ती एकाच डब्यातल्या पुडीचा ताजा अर्क तपासणीसाठी घ्यायची, प्रमाण द्रावणं मात्र पहिल्या दिवशी केलेलीच रोज मोजायची. पहिल्या दिवशी ३.१० टक्के आले, दुसऱ्या दिवशी २.९६ आणि तिसऱ्या दिवशी २.७३.

"मॅडम, हळदच खराब व्हायलीय. रोज कमी यायलंय," ती रडवेली होऊन म्हणाली. करक्युमिन उजेडात विघटित होतं, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने सगळ्या फ्लास्कांना चांदीचा कागद इतका नीट गुंडाळला होता की आत किती द्रावण उरलंय तेही दिसत नव्हतं. तोंडं मात्र उघडीच होती. खणातली बुचं वेगवेगळ्या मापांची, बसतील ती सापडत नव्हती. वर पंखा चालू आणि बाहेर एप्रिलचं ऊन.

मी तिला टक्केवारी बाजूला ठेवायला लावली आणि मशीनचे मूळ आकडे मागितले. अर्काचं शोषण तिन्ही दिवस जवळपास तेच होतं. म्हणजे हळद जागच्या जागी होती. हलत होती ती प्रमाण द्रावणांची रेषा. तिचा उतार आधी ०.१५३ होता, मग ०.१६० झाला आणि मग ०.१७४. उजेडाने करक्युमिन मोडलं असतं तर हा आकडा खाली गेला असता. तो वर चढतोय, म्हणजे द्रावण घट्ट होतंय. मिथेनॉल उडून जात होतं आणि करक्युमिन मागे राहत होतं. मग तोच अर्क चढलेल्या रेषेवर बसवला की उत्तर कमीच येणार.

तिचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. "मग आर-स्क्वेअर ०.९९९ कसा आला?" पाचही फ्लास्क सारखेच, १० मिलीचे, एकाच टेबलावर ठेवलेले. प्रत्येकातून जवळपास सारखंच मिथेनॉल उडालं, म्हणून पाचही द्रावणं एकाच पटीने घट्ट झाली. रेषा सरळच राहिली, फक्त जास्त उभी झाली. सरळपणा पाहून हा दोष कळत नाही. कालचा उतार आजच्या शेजारी लिहिला तरच दिसतो.

मग आम्ही हिशेब मांडला. क्युव्हेट धुवून भरायला रोज तीनेक मिली द्रावण जायचं. पहिल्या दिवशी मोजणी झाल्यावर फ्लास्कात ७ मिली उरलं. रात्रीत ०.३ मिली उडालं असं धरलं, तर ७ भागिले ६.७, म्हणजे साडेचार टक्के वाढ. दुसऱ्या दिवशी मोजून झाल्यावर ३.७ मिली उरलं. त्यातून तेवढंच ०.३ मिली गेलं की थेट पावणेनऊ टक्के वाढ. तिचे ०.१६० आणि ०.१७४ याच हिशेबात बसतात. उडणारं मिथेनॉल रोज तेवढंच होतं, पण उरलेलं द्रावण कमी होत गेलं, म्हणून घसरण वाढली. एकदा द्रावण खुणेखाली गेलं की फ्लास्कावरची खूणही काही सांगत नाही.

तरी नुसत्या हिशेबावर विसंबायचं नव्हतं. काल संध्याकाळी दोन फ्लास्कांत प्रत्येकी ७ मिली मिथेनॉल घेऊन वजनं केली. एकाला घट्ट बूच लावलं, एक उघडा ठेवला. आज सकाळी बुचाच्या फ्लास्काचं वजन जवळपास हललं नव्हतं. उघड्याचं ०.२४ ग्रॅमने घटलं होतं. मिथेनॉलची घनता ०.७९, म्हणजे ०.३ मिली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मूळ १०० मायक्रोग्रॅमच्या साठ्याला तिने पहिल्यापासून बूच लावलेलं होतं. त्यातून आज नवीन पाच द्रावणं केली. उतार परत ०.१५३ आला, म्हणजे साठा शाबूत आहे.

मधल्या दोन दिवसांचे आकडे पहिल्या दिवसाच्या उताराने दुरुस्त करू का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. मशीन तिन्ही दिवस जराही सरकलं नाही, हे आपण त्या दिवशी तपासलेलं नव्हतं. पुडी शिल्लक आहे, अर्क पुन्हा करता येतो. उद्या ती आधी बुचं मापाप्रमाणे निवडून फ्लास्कांना दोऱ्याने बांधणार आहे आणि मग दोन्ही दिवसांचे नमुने नव्याने मोजणार आहे.