वहिनींच्या स्वेड पर्सवरचा तेलाचा डाग : अस्तर उघडल्यावर सापडलेले कारण

मागच्या नोंदीत ज्या डागाचा उल्लेख होता, तो परत वर आला आहे. वहिनींच्या बिस्किटरंगी स्वेड पर्सच्या पुढच्या भागावर, तळाच्या शिवणीपासून बोटभर वर, कॉर्नफ्लोअरने तो इतका फिकट झाला होता की सावलीत दिसतही नव्हता. इंदूरचे ऊन चढू लागले तसा त्याच जागी, त्याच आकारात, पुन्हा गडद ठिपका उमटला. वरून पावडर लावली की कमी होतो, थोड्या काळाने परत येतो, असा हा क्रम चालू राहिल्यामुळे तेल नेमके कुठे साठले आहे हाच प्रश्न उरला होता, आणि आता त्याचे उत्तर हाती लागले आहे.

आधी हा डाग तेलाचाच आहे याची खात्री करून घेतली. पाण्याच्या डागाची कडा गडद असते आणि मधला भाग मूळ रंगाच्या जवळ असतो, कारण पाणी सुकताना कातड्यातला सुटा रंग, क्षार आणि मळ कडेकडे ओढून नेते. तेलाचा डाग मध्यभागी सर्वांत गडद असतो, त्याची कडा विरळ होत जाते आणि तो कितीही दिवस ठेवला तरी सुकून उजळत नाही. डागावर पांढरा टिश्यू पेपर ठेवून त्यावर हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्याची स्टीलची वाटी काही मिनिटे टेकवली. टिश्यू उजेडात धरल्यावर त्यावर पारदर्शक ठिपका दिसला. पाण्याचा डाग असा ठिपका सोडत नाही. ही परीक्षा कोरड्या कातड्यावरच करावी, आणि वाटीचा तळ बाहेरून पुसलेला असावा.

पर्समध्ये तेलात तळलेल्या लौंग सेवेची कागदी पुडी बराच काळ राहिली होती, असे वहिनींनी नंतर सांगितले, तेव्हा सगळा उलगडा झाला. तेल बाहेरून लागलेले नव्हते, आतून आलेले होते. अशा पर्समध्ये अस्तर आणि स्वेड यांच्यामध्ये बऱ्याचदा पातळ फोम असतो, तसा इथेही होता. पुडीतले तेल आधी अस्तरात, मग फोममध्ये आणि तिथून कातड्यात गेले. मी वरून लावलेली पावडर फक्त स्वेडच्या पृष्ठभागावरच्या मऊ लवेतले तेल शोषत होती. लव कोरडी झाली की कातड्याच्या जाडीतले आणि फोममधले तेल केशाकर्षणाने पुन्हा वर चढत होते, आणि उष्णतेने तेल पातळ होत असल्यामुळे उन्हाळ्यात हा प्रवास जास्त वेगाने होत होता.

म्हणून अस्तर उघडायचे ठरवले. शिवलेली पर्स शेवटी उलटवण्यासाठी अस्तरात एक फट ठेवतात आणि ती सर्वांत शेवटी वरून टीप मारून बंद करतात. बहुतेक वेळा ती तळाशी किंवा आतल्या खिशात सापडते. या पर्समध्ये ती तळाशी होती. टीप उसवून अस्तर बाहेर ओढल्यावर फोमचा तेवढा भाग पिवळट आणि चिकट झालेला दिसला. फोम फक्त कडेला चिकटवलेला असल्याने तेलकट तुकडा कापून काढता आला. ही या कामातली सर्वांत समाधानाची पायरी होती, कारण तेलाचा मुख्य साठा एका कात्रीनिशी बाहेर पडला.

त्यानंतर पर्सचा तो भाग लव खाली येईल असा, टिश्यूच्या घडीवर पालथा पसरला आणि कातड्याच्या मागच्या बाजूवर कोरड्या मुलतानी मातीचा अर्ध्या सेंटिमीटरचा थर दिला. पुढच्या बाजूला मी मुलतानी माती कधीच वापरत नाही, कारण तिचा रंग फिकट लवेत अडकून राहतो. मागे मात्र रंगाची चिंता नाही आणि तिची शोषण्याची ताकद कॉर्नफ्लोअरपेक्षा मला चांगली वाटते. मातीच्या थरावर तीच कोमट वाटी ठेवली आणि नंतर थर रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी कातड्याला टेकलेली माती गडद होऊन तिच्या गुठळ्या झाल्या होत्या. अशी माती झटकून नवी लावायची, आणि खालच्या टिश्यूवर पारदर्शक ठिपका उमटणे थांबले की मगच थांबायचे. डोळ्यांना डाग दिसत नाही एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

राजवाड्याजवळ चप्पल-बुटांचे सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने थिनरचा बोळा फिरवायचा सल्ला दिला होता. थिनर तेल विरघळवते हे खरे, पण ते फोमचा गोंद आणि कातड्याचा रंगही सोडवते, आणि विरघळलेले तेल मोठ्या वर्तुळात पसरवते. त्याच दुकानातला क्रेप रबराचा ब्रश मात्र उत्तम निघाला. पितळी तारांचा ब्रश मी बुटांच्या घट्ट चपटलेल्या लवेपुरता ठेवतो. पर्सच्या पातळ कातड्यावर तो ओरखडे उठवतो.

खोडरबराची पाळी आली ती तेल गेल्यावरच. तेल असताना खोडरबर घासले तर घर्षणाच्या उष्णतेने आणि दाबाने तेल लवेच्या मुळाशी बसते आणि तिथे चकाकी येते. आता डागाच्या जागी उरली होती ती तेलाला चिकटलेली धूळ, म्हणजे कडेने एक करडी रेघ. स्वेडच्या खोडरबराने एकाच दिशेने हलके हात मारले, चुरा क्रेप ब्रशने झटकला आणि दर थोड्या वेळाने तळवा लवेवरून उलटसुलट फिरवून पाहिला. तळवा फिरवल्यावर रंगाची छटा बदलते तोवर लव शाबूत आहे. छटा बदलेनाशी झाली आणि ती जागा फिकट, कापडासारखी लागू लागली, तर खोडरबरातल्या खरखरीत कणांनी लव झिजली आहे असे समजावे. रेघ गेली, छटा बदलते आहे, आणि मी थांबलो.

पर्सखेरीज स्वेडच्या बुटांवरचा पावसाचा डागही काढायचा होता; ते काम यामानाने सोपे होते. कोरडा मळ ब्रशने काढून, शिवणीपासून शिवणीपर्यंतचा संपूर्ण भाग आरओच्या पाण्याच्या बारीक फवाऱ्याने सारखा ओलावला, म्हणजे कडा उरायला जागाच राहत नाही. आत कागद भरून सावलीत वाळवले आणि किंचित दमट असतानाच लव उभी केली. बोरिंगच्या पाण्यातले क्षार नवा पांढरा डाग देतात, म्हणून ते टाळले.

पर्सचा पुढचा भागही असाच ओलावून रंग एकसारखा करायचा आणि जुनेच अस्तर शिवून टाकायचे, असा विचार होता. हे लिहिताना मात्र तो बदलला. अस्तरात अजून तेल आहे. तेच परत आत बसवले तर नव्या फोमला आणि कातड्याला ते पुन्हा तेल पुरवत राहील. त्यामुळे तळाचे अस्तर कापून त्या जागी नवे कापड लावणार आहे, आणि ते होईपर्यंत पाण्याचा फवारा मारणार नाही. तळाच्या शिवणीलगत एक पुसट छटा उरली आहे. तिथे कातडे दुमडलेले असून मध्ये गोंद आणि दोरा आहे, त्यामुळे माती पोहोचत नाही. शिवण उसवून तो भाग मोकळा करण्यात भोके रुंदावण्याचा धोका असल्याने तिथे फक्त कॉर्नफ्लोअरचा पातळ थर आणि टिश्यूची परीक्षा, एवढेच आलटून पालटून चालू ठेवणार आहे.