सीएला मेल: "२५-२६" लिहिलं आणि तीन आठवडे गेले

बाबांचा ठाण्यातला वन बीएचके नोव्हेंबर 2024 मध्ये 42 लाखाला विकला. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक, त्यामुळे विक्री, सोसायटी, रजिस्ट्रेशन सगळं बऱ्यापैकी सुरळीत झालं. अडकलं ते कुठे, तर सीएला पाठवलेल्या एका मेलमध्ये, आणि चूक अर्धी माझी होती हे मान्य करते, पण अर्धीच.

जून 2025 मध्ये मी मेल टाकला, विषयात नुसतं "टॅक्स २५-२६", आत "पेपर्स पाठवलेत, बघून सांगा", खाली स्कॅन केलेले अकरा फोटो, नावं IMG_2041 पासून पुढे. तीन आठवडे काहीही उत्तर नाही. फोन केला तर ऑफिसमधला आर्टिकलवाला मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचं २५-२६ चं काम ना, ते वर्ष आत्ताच सुरू झालंय, त्याचं रिटर्न पुढच्या वर्षी." म्हणजे माझी फाईल पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात!

झालं असं की 2025-26 हे माझ्या व्यवहाराचं असेसमेंट वर्ष, म्हणजे त्याचं रिटर्न भरायचं वर्ष, पण व्यवहार झाला तो आर्थिक वर्ष 2024-25 मध्ये, एप्रिल 24 ते मार्च 25. फॉर्मवर असेसमेंट वर्षच ठळक छापलेलं असतं, मी तेच उचललं, आणि त्या मुलाने त्याला आर्थिक वर्ष समजून घेतलं. नुसतं "२५-२६" लिहिलं की ते दोन्ही असू शकतं. पण मग एक फोन करून विचारता आलं नसतं का? माझा नंबर त्यांच्याकडे आहे, फीच्या आठवणीसाठी येतात की फोन बरोबर.

चिडचिड व्हायचं कारणही होतं. टीडीएस कापलेला नव्हता, कारण किंमत 50 लाखाच्या आत, आणि मी ॲडव्हान्स टॅक्सही भरला नव्हता. अशा वेळी कलम 234बी खाली 1 एप्रिलपासून टॅक्स भरेपर्यंत महिन्याला 1 टक्का व्याज चढतं, महिन्याचा तुकडा झाला तरी अख्खा महिना धरतात. माझ्या बाबतीत ते महिन्याला चार हजाराच्या वर जात होतं, म्हणजे तिकडे गठ्ठा झोपलेला आणि इकडे मीटर चालू.

त्याच रात्री सगळं परत लिहिलं. विषय असा: "आर्थिक वर्ष 2024-25 (असेसमेंट वर्ष 2025-26), वारसाने आलेला फ्लॅट विक्री, कॅपिटल गेन". फायलींची नावं बदलली आणि त्याच क्रमाने मेलमध्ये लिहिली:

```
01_kharedikhat_1994.pdf
02_mrutyu_ani_varas_dakhla.pdf
03_valuation_1-4-2001.pdf
04_vikri_index2_nov2024.pdf
05_26AS.pdf
```

तिसरी फाईल सगळ्यात महत्त्वाची, कारण बाबांनी फ्लॅट 1994 ला घेतलेला, आणि 2001 च्या आधीची मालमत्ता असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते. रजिस्टर्ड व्हॅल्युअरने 6 लाख काढली. ती त्या तारखेच्या स्टॅम्प ड्यूटीच्या किमतीपेक्षा जास्त धरता येत नाही, म्हणून रेडी रेकनरचं पान त्याच फायलीत जोडलं.

आणि मग एकच प्रश्न, वेगळ्या ओळीत: "सर, 20 टक्के इंडेक्सेशनसह की 12.5 टक्के इंडेक्सेशनशिवाय, कुठला टॅक्स कमी बसतो, आणि आकडा काय?" 23 जुलै 2024 च्या आधी मिळालेल्या घराला रेसिडेंट माणसाला ही निवड आहे, मला फ्लॅट 2019 ला मिळालेला. (एनआरआयला ती नाही, त्याला 12.5 च.)

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचं स्वतःचं उत्तर. 2001 चा महागाईचा इंडेक्स 100, तर 2024-25 चा 363, म्हणजे 6 लाखाचे 21.78 लाख, नफा 20.22 लाख, त्यावर 20 टक्के 4,04,400. दुसऱ्या पद्धतीने 36 लाखावर साडेबारा टक्के, 4,50,000. फरक 45,600, सेस वेगळा. खाली एक ओळ: "ब्रोकरेज दिलं होतं का? पावती पाठवा."

दिलं होतं ना, 42 हजार! पावती किचनच्या ड्रॉवरमध्ये लाईट बिलांत सापडली, 06_brokerage.pdf करून पाठवली, टॅक्स आणखी 8,400 ने कमी. ही पहिल्याच मेलमध्ये जायला हवी होती, तुम्ही विसरू नका. त्याच संध्याकाळी चलन भरलं, पावतीचा स्क्रीनशॉट सरांना पाठवला, आणि त्या मुलालाही सीसीमध्ये ठेवलं, मुद्दाम.