श्वास कुठे घ्यायचा

ग्वाल्हेरला आमच्या मराठी मंडळाची शास्त्रीय गायनाची बैठक होती. निवेदन माझ्याकडे असलं, तरी गायिकेची ओळख मंडळातले एक ज्येष्ठ काका करून देणार होते. सत्तरी ओलांडलेले, गाण्याचे दर्दी आणि लिहिणारेही उत्तम. दुपारी त्यांनी मला भाषण वाचून दाखवलं आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडकले. वाक्य असं होतं: ‘हस्सू खाँ यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकून ही गायकी महाराष्ट्रात नेणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे शिष्य आणि 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णू दिगंबर पलुस्कर यांच्या परंपरेतल्या या गायिका आहेत.’

पलुस्करांपर्यंत येता येता काकांचा दम संपला आणि नेमकं तेच नाव तोंडातल्या तोंडात राहिलं.

“बाई, मध्ये एक श्वासाची खूण करून द्या, म्हणजे झालं,” ते म्हणाले.

पण या वाक्यात खूण करायला जागाच नव्हती. ‘यांचे’, ‘यांच्याकडे’ हे शब्द पुढच्या नावाला धरून ठेवतात. तिथे थांबलं की ऐकणाऱ्याला वाटतं, वक्ता विसरला. कागदावर असं वाक्य चालतं, कारण डोळा मागे जाऊ शकतो. कानाला ती सोय नाही. म्हणून आधी वाक्य तोडलं, खुणा नंतर केल्या:

हस्सू खाँ / ग्वाल्हेरचे. // त्यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. ✓ वासुदेवबुवांकडे शिकून / ही गायकी महाराष्ट्रात नेली / ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. ✓ बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर / यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ✓ आजच्या पाहुण्या याच परंपरेतल्या.

एक तिरपी रेघ म्हणजे नुसतं थांबणं, श्वास घ्यायचा नाही. दोन रेघा म्हणजे वाक्य संपलं, पण दम शिल्लक आहे. लाल पेन्सिलीची बरोबरची खूण म्हणजे थांबून, तोंड मिटून, नाकाने पुरता श्वास. ही खूण दम संपतो तिथे करून उपयोग नसतो. ती त्याच्या आधीच्या पूर्णविरामावर हवी. काकांचा दम ‘इचलकरंजीकरां’च्या पुढे टिकत नव्हता, म्हणून ‘वासुदेवबुवा जोशी’नंतरच श्वास ठेवला.

ठळक उच्चारायच्या शब्दांखाली रेघ मारायची होती. काकांनी शेवटच्या लांब वाक्यात पलुस्कर, 1901, लाहोर, गांधर्व महाविद्यालय अशा सगळ्यांखाली रेघा ओढल्या. वाचून पाहिलं तर प्रत्येक शब्दावर हातोडी पडत होती. एका वाक्यात एकच रेघ, असा माझा आग्रह असतो. पलुस्करांचं नाव ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना नवं नाही, पण ही गायकी लाहोरपर्यंत पोचली हे ऐकताना मान वर होते. म्हणून रेघ फक्त ‘लाहोरला’खाली ठेवली. आणि जोर म्हणजे आवाज चढवणं नव्हे. शब्दाआधी किंचित थबकून तो सावकाश उच्चारला तरी पुरतो.

पुढची अडचण मला जास्त महत्त्वाची वाटली. काका प्रत्येक तिरप्या रेघेशी आवाज खाली टाकत होते. ‘वासुदेवबुवांकडे शिकून’ म्हणताना स्वर उतरला की वाक्य तिथेच संपल्यासारखं वाटतं आणि पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांत ऐकू येतं. वाचणाऱ्याला हे कळत नाही. मी डोळे मिटून ऐकत बसले आणि वाक्य संपल्यासारखं वाटलं की हात वर करत गेले. पहिल्या वाचनात बहुतेक प्रत्येक रेघेला हात वर गेला. मग एकेरी रेघांवर वर जाणारा छोटा बाण काढला: इथे स्वर तोलून धरायचा. बाणांमुळे बराच फरक पडला.

मूळ मजकुरात गायिकेचं नाव पहिल्याच ओळीत होतं. त्या नावानंतर थांबलं की टाळ्या पडतात, पाहुण्या उठून नमस्कार करतात आणि उरलेली ओळख गडबडीत वाचावी लागते. नाव मी अगदी शेवटी नेलं. त्याच्या आधीच्या वाक्यापूर्वी पूर्ण श्वास आणि नावाआधी दोन रेघा, म्हणजे नाव भरल्या छातीने येतं. हा भाग एका पानावर मावत नव्हता, म्हणून पान श्वासाच्या खुणेपाशी तोडलं. उलटायला लागणारा वेळ श्वासातच गेला. अक्षर मोठं आणि ओळींत भरपूर जागा ठेवली, नाहीतर खुणा आणि मात्रा एकमेकींत मिसळतात.

संध्याकाळी ‘लाहोरला’ म्हणताच पुढच्या रांगेतली मंडळी सावरून बसली. एका ठिकाणी काकांनी खूण नसताना श्वास घेतला, पण वाक्य तुटलेलं असल्यामुळे कुणाला जाणवलं नाही. नाव शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचलं.

नंतर सचिवांनी तो कागद पुढे दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून मागितला. मी दिला, पण लाल खुणा खोडून. त्या काकांच्या छातीच्या मापाच्या होत्या. पुढच्या वक्त्याने मजकूर मोठ्याने वाचून आपल्या खुणा आपण कराव्यात.