उलटा कर्व्ह सरळ झाला त्या आठवड्यात

६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. बेळगावात बाजार माणसांनी फुललेला आणि निफ्टी मात्र सव्वा टक्क्याच्या आसपास खाली. निपाणीचे एक तंबाखू व्यापारी काका ऑफिसात आले आणि मोबाईल पुढे केला. अमेरिकेच्या बाँडचा आलेख, त्यावर लाल बाण, खाली मजकूर: 'कर्व्ह सरळ झाला की मार्केट कोसळतं.' काकांच्या इंडेक्स फंडात बारा लाख होते.

"सगळं काढून घेऊ काय हो?"

आधी कर्व्ह म्हणजे काय ते सोसायटीच्या ठेवीवरून सांगितलं. साधारणपणे पाच वर्षांच्या ठेवीला एका वर्षाच्या ठेवीपेक्षा जास्त व्याज मिळायला हवं, कारण पैसा जास्त दिवस अडकतो. सोसायटीने एका वर्षालाच जास्त दर लावला तर समजायचं की आज पैशाची तंगी आहे आणि पुढे दर उतरतील असं तिला वाटतं. रोख्याचंही तसंच, त्यावर मिळणाऱ्या वार्षिक परताव्याला यील्ड म्हणतात. अमेरिकेच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्याच्या यील्डमधून दोन वर्षांच्या रोख्याचं यील्ड वजा करायचं. उत्तर उणे आलं की कर्व्ह उलटा, परत शून्याच्या वर गेलं की सरळ. दोन वर्षांचं यील्ड मध्यवर्ती बँकेच्या दरामागे चालतं, तर दहा वर्षांचं पुढच्या मंदावलेल्या काळाचा अंदाज धरून चालतं. म्हणून दरवाढीच्या शेवटाकडे वजाबाकी उणे होते.

मग संगणकावर फ्रेड या अमेरिकी आकडेवारीच्या संकेतस्थळावरची `T10Y2Y` ही मालिका उघडली. तिथले आकडे टक्क्यांत असतात, एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग, म्हणून -१.०८ म्हणजे उणे १०८ बेसिस पॉइंट. ट्रेडिंगव्ह्यू या आलेखांच्या संकेतस्थळावर हीच वजाबाकी `US10Y-US02Y` असं टाइप केलं की दिसते. खाली अमेरिकेच्या शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० हा इंडेक्स लावला आणि उभ्या रेषा मारत गेलो.

पहिली रेषा जुलै २०२२ च्या पहिल्या आठवड्यात. वजाबाकी उणे झाली आणि पुढे दोन वर्षांहून जास्त काळ उणेच राहिली. ६ जुलैला एस अँड पी ३,८४५ वर होता. ऑक्टोबरमध्ये तो ३,५७७ पर्यंत घसरला, म्हणजे साधारण सात टक्के. एवढ्यावर थांबलं असतं तर इशारा खरा ठरला असता. पण तिथून तो वळला आणि काका आले त्या शुक्रवारी ५,४०८ वर बंद झाला. रेषेवर विकणाऱ्याची जवळपास चाळीस टक्क्यांची वाढ हुकली. निफ्टी तर १६,००० च्या आसपासून २४,८५२ वर गेला.

"मग हा इशारा खोटा काय?"

खोटा नाही, पण त्याला तारीख नसते. डिसेंबर २००५ च्या शेवटी कर्व्ह उलटा झाला तेव्हा एस अँड पी १,२५० च्या आसपास होता. त्याचं शिखर ९ ऑक्टोबर २००७ ला १,५६५ वर आलं, आणि मार्च २००९ मध्ये तो ६७६ वर. मंदी आली, पण शिखरापर्यंत पावणेदोन वर्षं गेली आणि तेवढ्यात इंडेक्स पंचवीस टक्के चढला. आलेखाखाली आडवा वेळ मोजला नाही तर ही चूक दिसतच नाही, कारण दोन रेषा शेजारी ठेवल्या की डोळा त्या आपोआप जोडतो.

काकांच्या मोबाईलमधला दावा मात्र दुसरा होता: उलटं होणं नव्हे, सरळ होणं धोक्याचं. यात तथ्य आहे. मंदीच्या तोंडावर मध्यवर्ती बँक दर कापते, दोन वर्षांचं यील्ड वेगाने उतरतं आणि वजाबाकी शून्याच्या वर येते. २००७ च्या मध्यात तर दरकपातीच्या आधीच ती शून्याच्या वर आली होती. पण सरळ होताना ती शून्याभोवती घुटमळते, म्हणून दिवसभरातला आकडा पकडू नये, रोजचा बंद पाहावा. त्या आठवड्यातही ती शून्याला टेकून परत खाली आली, मग शुक्रवारच्या बंदला वर राहिली.

आणि पुढे? अमेरिकी इंडेक्स फेब्रुवारी २०२५ मध्ये ६,१०० च्या वर गेला. निफ्टी सप्टेंबरअखेर २६,२०० च्या वर जाऊन ४ मार्च २०२५ ला २२,०८२ वर आला. ही घसरण दाखवून आज कोणी म्हणेल, बघा, कर्व्हने सांगितलं होतं. मला ते पटत नाही. त्याच दिवशी एस अँड पी अजून ५,४०८ च्या वर होता. आपल्याकडची घसरण परदेशी विक्री आणि कंपन्यांच्या मंदावलेल्या नफ्याची होती. अमेरिकेच्या बाँडची रेषा थेट निफ्टीवर लावायची तर मधला दुवा दाखवावा लागतो.

काकांना मी एकच विचारलं, यातले किती पैसे कधी लागणार? माघात मुलीचं लग्न, चार लाख. ते चार लाख त्याच दुपारी लिक्विड फंडात वळवायची सही घेतली. उरलेले आठ जिथे होते तिथे ठेवले.