हिंदीतलं ‘संशोधन’ आणि मराठी डोकं

नाशिकला कॉलेज रोडच्या आमच्या अभ्यासिकेत सीटीईटीचे, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचे, सराव पेपर घेतो. अडीच तासांत १५० प्रश्न, त्यात दोन भाषांचे ३०-३०. पहिली भाषा मराठी आणि दुसरी हिंदी निवडलेल्या मुलांना एका बैठकीत दोन्ही सोडवावी लागतात, आणि मराठीतून हिंदीत शिरताना डोकं काही लगेच बदलत नाही.

परवा उत्तरपत्रिका तपासताना हिंदीतल्या एका प्रश्नावर बरीच मुलं एकाच चुकीच्या पर्यायावर गेलेली दिसली. वाक्य होतं, ‘विपक्ष ने विधेयक में संशोधन की माँग की।’ पर्याय: शोध, बदलाव, समाधान, समर्थन. मुलांनी ‘शोध’वर खूण केली होती. गंमत अशी, की आपल्या मराठी ‘संशोधना’ला हिंदीत ‘शोध’च म्हणतात. म्हणजे अर्थ मराठीचा धरला तर पर्याय अगदी चपखल बसतो, शंका यायला जागाच राहत नाही. हिंदीत मात्र संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपण घटनादुरुस्ती म्हणतो, ते ‘संविधान संशोधन’ म्हणतात. उत्तर ‘बदलाव’.

सापळा ओळखायचा तर शब्दाकडे नाही, त्याच्या शेजाऱ्यांकडे बघायचं. अभ्यास एखाद्या विषयावर होतो, इथे ‘विधेयक में’ आहे. विधेयकात होते ती दुरुस्तीच. ‘चेष्टा’चंही तसंच. मराठीत चेष्टा कुणाची तरी करतात, हिंदीत ‘उठने की चेष्टा’ असते, मागे क्रिया येते. तिथे अर्थ प्रयत्न.

मालेगावकडच्या, घरात हिंदी-उर्दू बोलणाऱ्या मुलांची गाडी उलट्या बाजूने घसरते. ‘ग्रामसभेत एकाने ठरावाला हरकत घेतली’ यात ती ‘खोडी’ निवडतात, कारण हिंदीत हरकत ‘करतात’. मराठीत ती ‘घेतात’, म्हणून आक्षेप. ‘शिक्षा’ला मात्र ही युक्ती लागू पडत नाही; दोन्ही भाषांत ती ‘देतात’. तिथे आधी गुन्हा आलाय की शाळा, हे पाहावं लागतं.

काही वेळा घोळ प्रश्न काढणाऱ्याचाच असतो. त्याच पेपरात ‘आपत्ति’ हा हिंदी शब्द वाक्याशिवाय दिला होता आणि पर्यायांत ‘संकट’ व ‘एतराज’ दोन्ही होते. हिंदीत दोन्ही अर्थ चालतात, मग मुलांनी ठरवायचं कशावरून? मराठीत नुसतं संकट, म्हणून आमच्यातल्या कुणाला ते खटकलं नव्हतं. आता तो ‘मुझे आपके प्रस्ताव पर कोई आपत्ति नहीं’ असा वाक्यासकट घातलाय. ‘संकट’ पर्यायांत तसंच ठेवलंय.