आमची वाटचाल: किलोला चार लिटर

नाश्त्याच्या ऑर्डरी घेणारे पुष्कळ आहेत. शिरा, इडली, साबुदाण्याची खिचडी सगळेच करतात, आम्हीही करतो. पण आमचं नाव झालं ते उपमा आणि पोह्यांवर, आणि बुडायला आलो तेही उपम्यावरच. सुरुवातीची वर्षं नेहमीसारखी गेली. वाढदिवस, मुंजी, सोसायटीच्या सभा. जाऊबाई आणि मी दोघींनी मिळून चालू केलं. भागीदारीचा कागद कधी केला नाही, कारण त्या म्हणायच्या, "अगं, एका चुलीवर भांडलो नाही, आता काय भट्टीवर भांडणार?"

मग एका प्रशिक्षण केंद्राचं काम मिळालं. रोज दोनशे माणसांचा सकाळचा नाश्ता. त्या जोरावर कर्ज काढून मोठी भट्टी, दोन जाड बुडाच्या कढया आणि गरम डबे घेतले. करार असा होता की शिधा त्यांचा, हात आमचे. शिधा दुसऱ्याचा असेल तर काम घेऊ नये, हे मी आज प्रत्येक नव्या मुलीला सांगते. ऐकत कोणी नाही.

तिथले कोठीवाले हिशेबाला कडक होते. त्याबद्दल तक्रार नाही, कोठी सांभाळायची तर तसंच असावं लागतं. पण एका सकाळी ते लिटरचं माप घेऊन भट्टीपाशीच उभे राहिले. दहा किलो रवा मोजून दिला आणि म्हणाले, "पाणी तीस लिटर. एकास तीन. आमच्या घरी वर्षानुवर्षं हेच माप आहे." मी म्हटलं, "साहेब, घरी तुम्ही वाटीने मोजता, इथे किलो आहे." ते हसले. "माप ते माप. वाटी काय नि किलो काय."

इथेच सगळी गोम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. एक माप पाणी 240 मिली धरलं तर त्याच मापात मध्यम रवा भरतो साधारण 165 ते 170 ग्रॅम. रवा पाण्यापेक्षा हलका, दाण्यादाण्यांत हवा असते. म्हणजे एक किलो रवा सहा मापं होतो. घरच्या एकास तीनने त्याला अठरा मापं पाणी लागेल, म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर. किलोला तीन लिटर घातलं तर ते वाटीच्या भाषेत एकास दोन झालं. एकास दोनच्या उपम्याची ढेकळं होतात, हे कोणतीही सासू सांगेल.

आता कोणी विचारेल, मग किलोला सव्वाचार लिटर सरळ का घालत नाही? कारण घरी छोट्या कढईत पाणी उकळताना त्याचा बराच भाग वाफेने उडतो. चाळीस लिटरच्या पातेल्यात पाणी जास्त आणि तोंड त्यामानाने लहान, त्यामुळे उडणारा हिस्सा कमी. शिवाय मोठा ढीग आपल्याच उष्णतेवर बराच वेळ शिजत राहतो. म्हणून आम्ही मध्यम रव्याला किलोला चार लिटर धरतो. त्यातलं साडेतीन आधी घालायचं, अर्धा लिटर बाजूच्या शेगडीवर खळखळ उकळत ठेवायचं. झाकण काढून वाफ बघितली की त्यातलं लागेल तेवढं सोडायचं. डब्यात भरून तासभर लांब न्यायचं असेल तर चार लिटर पूर्ण घालून आणखी थोडं उकळतं पाणी थर्मासमध्ये सोबत न्यायचं, कारण रवा डब्यातही पाणी पीत बसतो. टोमॅटो भरपूर असतील तर त्यांचंही पाणी सुटतं, तेवढा हात आखडता ठेवायचा. बारीक रव्याला थोडं कमी लागतं आणि तो लवकर घट्ट होतो. आम्ही मोठ्या ऑर्डरीला बारीक रवा घेतच नाही.

तर त्या दिवशी तीस लिटर पडलं. मी सांगितलं होतं, जाऊबाईंनीही सांगितलं होतं. रवा टाकला आणि ढवळता ढवळताच उलथनं अडकायला लागलं. जास्तीचं पाणी मागितलं तर कोठीवाल्यांनी नळाखालची बादली पुढे केली. गार पाणी घातलं की उपमा बाहेरून चिकट आणि आत कच्चा लागतो, म्हणून मी ते घातलं नाही. आणि हा नुसता कोरडेपणाचा प्रश्न नव्हता. दहा किलो रवा, चाळीस लिटर पाणी, तीन किलो कांदा, दीड किलो तेल अशी बेरीज करून वाफेचं वजा केलं की पन्नास-बावन्न किलो उपमा होतो. अडीचशे ग्रॅमच्या दोनशे प्लेटी बरोबर निघतात. पाणी दहा लिटर कमी पडलं म्हणजे उपमाही दहा किलो कमी. एकशे सत्तरच्या आसपास प्लेटी निघाल्या आणि तीस-पस्तीस माणसं रिकाम्या ताटल्या घेऊन उभी राहिली.

कोठीवाल्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "रवा दहा किलो मोजून दिला होता. गेला कुठे?"

आम्ही रवा चोरला, असा त्याचा अर्थ. पिशव्या तपासल्या आमच्या. जाऊबाईंच्या पिशवीत त्यांची साडी आणि डबा होता. त्या महिन्याचं बिल अडवलं, पुढच्या महिन्यापासून काम दुसऱ्याला दिलं.

तो दुसरा कोण, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही. त्याने येताच जाहीर केलं की तेवढ्याच रव्यात तो दोनशे चाळीस माणसं जेवू घालतो. कोठीवाले खूश! मी एकदा मुद्दाम जाऊन प्लेट घेतली. डावाने वाढलेला उपमा ताटलीत पसरला आणि कडेने पाण्याची ओल सुटली. किलोला पाच लिटरच्या वर पाणी होतं, लिहून देते. दहा किलो रव्याला पन्नास-बावन्न लिटर घातलं की साठ किलोच्या वर माल तयार होतो, दोनशे चाळीस प्लेटी आपोआप. खाणाऱ्याला अकरा वाजता परत भूक लागते, एवढाच फरक. आम्ही चोर ठरलो आणि पाणी विकणारा प्रामाणिक ठरला. एवढी वर्षं झाली तरी मला हे पचलेलं नाही आणि पचवायची इच्छाही नाही.

कोणाकडचा उपमा पारखायचा असेल तर डाव उपम्यात दाबून उचला. खळगा दोन-तीन सेकंद राहून हळूहळू भरला तर बरोबर. खळगा तसाच राहिला, कडा तुटल्या तर पाणी कमी. डाव उचलण्याआधीच भरला तर माणूस तुम्हाला पाणी विकतोय.

कर्जाचे हप्ते थकले, मदतीच्या तीन बायका सुटल्या, एक कढई विकावी लागली. तेव्हा धरून ठेवलं ते व्यायामशाळेच्या काकांनी. दर रविवारी सिंहगड चढून येणारा त्यांचा शंभरेक जणांचा गट. त्यांनी एकच सांगितलं, "वहिनी, आम्हाला पोहे द्या. आणि माप आम्हाला विचारू नका, आम्हाला कळत नाही." असं गिऱ्हाईक भाग्याने मिळतं.

पोह्यांची गोष्ट उपम्याच्या उलटी आहे. तिथे पाणी किती घातलं याला अर्थ नाही, पोह्यांत किती राहिलं याला आहे. यात हात जाऊबाईंचा. त्यांच्या माहेरची पितळी रोवळी आहे, तांदूळ धुवायची. भोकं बारीक, बूड रुंद. शंभर जणांना सात किलो जाड पोहे लागतात, पण त्या एका वेळी पावणेदोन-दोन किलोच घेतात. आधी चाळून भुसा काढायचा, मग रोवळीत घालून वरून तांब्याने पाणी सोडत दुसऱ्या हाताने खालीवर करायचे, दोनदा झटकायचे आणि लगेच परातीत पसरायचे. बादलीत बुडवायचे नाहीत. सात किलो एकदम बुडवले तर वरचे काढेपर्यंत खालचे लगदा झालेले असतात. ओले पोहे ढिगाने ठेवले तरी वरच्यांच्या वजनाने खालचे दबतात आणि गिजगोळा होतो, म्हणून परातीत थर चार बोटांच्या वर नको.

दहा मिनिटांनी जाऊबाई एक पोहा अंगठा आणि बोटात दाबून बघतात. मधे कण लागला तर वरून हाताने पाणी शिंपडायचं. सहज चेपला पण बोटाला चिकटला नाही तर झालं. मला बोटांवर विश्वास नाही म्हणून मी वजन करते. किलोभर कोरडे पोहे निथळल्यावर पावणेदोन किलोच्या जवळपास भरले तर मोकळे होतात. दोन किलोच्या वर गेले तर कापडावर पसरून ठेवते. जाऊबाईंची बोटं आणि माझा काटा यांचं उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, तरी त्या काट्याकडे बघतसुद्धा नाहीत. पोहे नव्या लॉटचे असले की लवकर भिजतात. दुकानदाराने ब्रँड बदलला की पहिल्यांदा पाव किलो भिजवून बघावं, शंभर माणसांवर प्रयोग करू नये.

मीठ आणि साखर भिजलेल्या पोह्यांनाच चोळून ठेवतो, म्हणजे कढईत जास्त परतावं लागत नाही. परतणं जितकं जास्त तितका पोहा मोडतो. एका कढईत चार किलोच्या वर घालत नाही. शेवटी ओंजळभर पाण्याचा हबका, झाकण आणि पाच मिनिटं मंद वाफ. डबा भरताना झाकणाखाली सुती फडकं घालायचं, नाहीतर झाकणाला जमलेली वाफ थेंबाथेंबाने गळते आणि वरचा थर ओला, खालचा कोरडा असा प्रकार होतो. लिंबू वेगळं द्यायचं.

त्या रविवारच्या पोह्यांवरून हळूहळू दुसरे ट्रेकवाले आले, मग सायकलवाले, मग दोन शाळा. विकलेल्या कढईच्या जागी नवी घेतली. त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही, कामं येत गेली.

आता ऑर्डर घेताना मी आधी विचारते, माणसं एकदम बसणार की तुकड्यातुकड्यांनी येणार? तुकड्यांनी येणार असतील तर मी उपमाच सुचवते. तो घट्ट झाला तरी उकळतं पाणी घालून, झाकण ठेवून पाच मिनिटांत सरळ करता येतो. वातड झालेल्या पोह्यांना पुन्हा पाणी दाखवलं तर वरून ओले आणि आतून वातडच राहतात, ते सुधारत नाहीत. सगळे एकदम बसणार असतील तर पोहे घ्या. आणि कोणी शिधा आमचा म्हणाला, तर जाऊबाई फोन माझ्या हातातून घेतात आणि स्वतःच नाही म्हणून ठेवून देतात.